१५जी की १५एच? दोन भावांच्या ठेवी, दोन वेगळी उत्तरं

एप्रिल उजाडला की बँकेच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास यायचा: वय किती? साठच्या आत असाल तर १५जी, साठ किंवा त्यापुढे असाल तर १५एच. फॉर्म हातात पडायचा, सही व्हायची आणि व्याजावरचा टीडीएस थांबला असं समजून माणूस घरी जायचा. दोन्ही फॉर्म दिसायला जुळ्या भावंडांसारखे आहेत, म्हणून फरक फक्त वयाचा आहे असं सगळेच धरून चालतात. खरा फरक एका अटीत आहे. ती अट १५जीला आहे, १५एचला नाही, आणि गडबड नेमकी तिथेच होते. पुढचे सगळे आकडे आणि नियम आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याखालचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे, त्यामुळे त्यापुढच्या वर्षासाठी बँकेकडून त्या वर्षाचाच फॉर्म मागून घ्यावा.

आधी टीडीएस आणि कर यांची गल्लत दूर करू. एका बँकेतल्या सगळ्या शाखांमधल्या मुदत ठेवी आणि रिकरिंग यांचं वर्षाचं व्याज ५०,००० रुपयांच्या वर गेलं की बँक १० टक्के कापते. ज्येष्ठ नागरिकांसाठी ही मर्यादा १ लाख रुपये आहे. पॅन दिलेला नसेल तर कपात २० टक्के होते, आणि पॅनशिवाय दिलेला फॉर्म बाद ठरतो. पण ही मर्यादा फक्त कापण्याची आहे. व्याज ९०,००० असेल आणि काहीच कापलं गेलं नसेल, तर ते व्याज करमुक्त झालं असं होत नाही. उलट ४९,००० कापले गेले म्हणून तेवढा कर लागलाच असंही नाही. टीडीएस ही आगाऊ कपात आहे. खरा हिशोब विवरणपत्रात होतो. बचत खात्याच्या व्याजावर बँक टीडीएस कापत नाही, पण ते व्याजही उत्पन्नात धरावंच लागतं.

आता दोन्ही फॉर्मच्या अटी पाहू. १५एच देणारा भारतात निवासी असावा, त्या आर्थिक वर्षात कधीही वयाची साठ वर्षं पूर्ण करणारा असावा, आणि त्याच्या अंदाजित एकूण उत्पन्नावर कर शून्य येत असावा. बस. कर शून्य येतो का हे पाहताना ठरावीक उत्पन्नापर्यंतचा कर माफ करणारी कलम ८७ए ची सूटही धरता येते. ही स्पष्टता २०१९ च्या दुरुस्तीने फॉर्मच्या टिपेतच आली. १५जी साठच्या आतल्या निवासी व्यक्तीसाठी असतो, एकत्र कुटुंबालाही तो देता येतो, कंपनीला किंवा भागीदारी संस्थेला मात्र नाही. त्यालाही कर शून्य असण्याची अट आहेच. शिवाय दुसरी अट अशी, की ज्या प्रकारच्या उत्पन्नासाठी हा फॉर्म देता येतो (व्याज, लाभांश वगैरे), त्याची वर्षभरातली सगळीकडची बेरीज मूळ करमुक्त मर्यादेच्या वर जाता कामा नये. नव्या करप्रणालीत ही मर्यादा ४ लाख आहे. जुनी निवडली तर साठच्या आतल्यांसाठी ती २.५ लाख होते.

समजा, सातारा जिल्ह्यातल्या दोन भावांनी मागच्या वर्षी वडिलोपार्जित जमीन विकली आणि प्रत्येकाकडे ७० लाख रुपये उरले. थोरला ६१ वर्षांचा, धाकटा ५७ चा. दोघांनीही ४० लाख एका बँकेत आणि ३० लाख दुसऱ्या बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले, व्याज दर तिमाहीला घ्यायचं ठरवलं. पहिल्या बँकेचं वर्षाचं व्याज २,८०,००० आणि दुसऱ्या बँकेचं २,१०,०००, मिळून ४,९०,०००. दोघांनाही दुसरं उत्पन्न नाही आणि दोघेही नव्या करप्रणालीत आहेत. ४ लाखांच्या वरच्या ९०,००० वर ५ टक्क्यांनी ४,५०० रुपये कर निघतो. पण १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला ८७ए ची सूट असल्याने तो शून्य होतो. म्हणजे दोघांचं व्याज सारखं, करही सारखाच, शून्य.

थोरल्याने दोन्ही बँकांत १५एच द्यावा, त्याचा टीडीएस थांबेल. धाकट्याला १५जी देता येत नाही. त्याचा कर शून्य असला तरी व्याजाची बेरीज ४ लाखांच्या वर आहे, आणि ८७ए ची सूट ही बेरीज कमी करत नाही. त्यामुळे पहिली बँक त्याचे २८,००० आणि दुसरी २१,००० कापणार. एकही रुपया कर लागत नसताना ४९,००० रुपये वर्षभर सरकारकडे पडून राहणार. घरखर्च व्याजावरच चालवणाऱ्या माणसाला दर तिमाहीला १२,२५० रुपये कमी मिळणं ही छोटी गोष्ट नाही. पंचावन्नच्या आसपास निवृत्ती घेतलेल्यांवर ही अट फार जाचक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण १९६१ च्या कायद्यात ती तशीच होती.

मोह इथेच होतो. प्रत्येक बँकेला आपल्यापुरतंच व्याज दिसतं. पहिल्या बँकेच्या पडद्यावर २,८०,००० दिसतात, दुसरीच्या २,१०,०००, आणि दोन्ही आकडे ४ लाखांच्या आत आहेत. काउंटरवरचा माणूस धाकट्याचा १५जी सहज घेऊन ठेवेल. पण फॉर्ममध्येच एक रकाना असा आहे, जो बहुतेक लोक कोरा सोडतात किंवा तिथे शून्य लिहितात: या फॉर्मव्यतिरिक्त या वर्षात असे आणखी किती फॉर्म दिले आणि त्यांची एकूण रक्कम किती. दुसऱ्या बँकेचा फॉर्म भरताना तिथे '१' आणि '२,८०,०००' लिहायला हवं. त्याच्या आधीच्या दोन रकान्यांत, ज्यासाठी हे निवेदन आहे ते उत्पन्न २,१०,००० आणि वर्षाचं अंदाजित एकूण उत्पन्न ४,९०,०००. हे तिन्ही आकडे खरे लिहिले की धाकट्याचा फॉर्म स्वतःच सांगतो की तो चालणार नाही. खोटे लिहिले तर ते खोटं निवेदन ठरतं, आणि त्यासाठी कलम २७७ खाली तुरुंगवासाची तरतूद आहे. थोरल्यानेही हे रकाने असेच भरायचे आहेत. फरक इतकाच, की १५एचमध्ये ती बेरीज त्याच्या आड येत नाही.

मग धाकट्याने काय करावं? सोपा मार्ग म्हणजे कपात होऊ द्यायची आणि वेळेत विवरणपत्र भरून ४९,००० परत मागायचे. त्यावर दरमहा अर्धा टक्का दराने व्याजही मिळतं. दुसरा मार्ग म्हणजे कलम १९७ खाली आयकर अधिकाऱ्याकडे फॉर्म १३ ने ऑनलाइन अर्ज करून शून्य किंवा कमी कपातीचं प्रमाणपत्र मिळवणं. यात कागदपत्रं आणि वेळ दोन्ही लागतात, पण रक्कम मोठी असेल आणि व्याज दर तिमाहीला हातात हवं असेल, तर हा खटाटोप करण्यासारखा आहे. साठावं वर्ष लागलं म्हणून १५एच देता येत नाही, साठ पूर्ण व्हावी लागतात. मात्र ज्या आर्थिक वर्षात साठावा वाढदिवस येई, त्या वर्षाच्या एप्रिलपासून १५एच चालत असे.

थोरल्याचंही सगळं सुरळीत आहे असं नाही. समजा, त्याने त्याच वर्षी इक्विटी म्युच्युअल फंडाची जुनी युनिटं विकली आणि ३ लाखांचा दीर्घकालीन नफा झाला. त्यातले १.२५ लाख सुटतात, उरलेल्या १.७५ लाखांवर १२.५ टक्क्यांनी २१,८७५ आणि उपकरासह २२,७५० रुपये कर येतो. या खास दराच्या करावर ८७ए ची सूट मिळत नाही. एकूण उत्पन्न १२ लाखांच्या कितीतरी आत असूनही कर शून्य राहत नाही, म्हणून १५एचही देता येत नाही. एप्रिलमध्ये फॉर्म देऊन झाला असेल आणि विक्री ऑक्टोबरमध्ये ठरली, तर बँकेला कळवून पुढच्या व्याजावर कपात सुरू करायला सांगावी.

आणखी एक गोष्ट घरोघरी होते. नवरा आपल्या पैशांची ठेव बायकोच्या नावावर करतो आणि तिला १५जी द्यायला लावतो. बँकेत तिचा पॅन असतो, पण मोबदला न घेता दिलेल्या पैशांचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. कलम ६४ तसं सांगतं. संयुक्त ठेवीत टीडीएस पहिल्या नावाच्या पॅनवर कापला जातो, म्हणून फॉर्मही पहिल्या नावाच्या माणसाने द्यायचा. परदेशी राहणाऱ्या मुलाच्या एनआरओ ठेवीसाठी मात्र दोन्ही फॉर्म निरुपयोगी आहेत, कारण ते फक्त निवासी व्यक्तींसाठी आहेत. तिथे कपात ३० टक्क्यांनी आणि वर उपकर धरून होते.

वेळेचंही पाहावं लागतं. फॉर्म त्या एका आर्थिक वर्षापुरताच चालतो, मागच्या वर्षी दिला म्हणून यंदा आपोआप लागू होत नाही. व्याज मुदत संपल्यावर एकदम मिळणारी ठेव असेल तर बरेच जण तेव्हापर्यंत थांबतात. पण बँक दर वर्षी जमा झालेल्या व्याजावर कापत जाते, त्यामुळे फॉर्म दर एप्रिलमध्येच द्यावा लागतो. जूनमध्ये दिला आणि तोपर्यंत काही कापलं गेलं असेल, तर बँक ते परत करत नाही, ते विवरणपत्रातूनच मिळतं. फॉर्म दिल्यावर पोच किंवा बँकेने दिलेला क्रमांक घ्यावा, आणि तिमाही संपल्यावर आयकराच्या संकेतस्थळावर फॉर्म २६एएसमध्ये आपल्या पॅनसमोर कपात दिसते का ते पाहावं. दिसली तर पोच घेऊन लगेच शाखेत जावं, म्हणजे निदान पुढच्या तिमाहीची कपात थांबते. आणि थोरल्या भावाने हे लक्षात ठेवावं, की १५एच देऊनही त्याचं उत्पन्न ४ लाखांच्या वर आहे, म्हणून कर शून्य असला तरी विवरणपत्र त्यालाही भरावंच लागेल.