परदेशी वारशाची मेल आणि वाढत जाणारी फी

“लंडनच्या वकिलाची मेल आलीय. आपल्याच आडनावाचा माणूस बेवारस वारला, पैसे बँकेत पडून आहेत. आठ हजार फी भरली की मिळतील म्हणे. भरू का?”

नका भरू. इंग्लंडमध्ये वारसा आडनावावर मिळत नाही, नातं जन्म-विवाहाच्या दाखल्यांनी सिद्ध करावं लागतं. बेवारस मालमत्तांची सरकारी यादी तर बरीच वर्षं इंटरनेटवर फुकट पाहता येत होती.

आठ हजार भरले की ठगाला कळतं, हा माणूस पैसे देतो. मग नोटरीचे पंचवीस हजार, नंतर कराचे साठ. थांबलो तर आधीचे बुडतील, या भीतीने माणूस पुढचे भरतो. फार वाईट वाटतं हे पाहून.

“फी त्या रकमेतूनच कापून घ्या,” असं लिहून पाहा. खऱ्या वारशात खर्च बहुधा मालमत्तेतूनच वजा होतो. इथे मात्र नवं कारण येईल.