‘तू’ची तडजोड : फ्रेंचमधील अनिश्चित शब्दांच्या अन्वयामागचा इतिहास

फ्रेंच शिकताना ‘शाक’ (प्रत्येक), ‘केल्क’ (काही, एखादा), ‘प्ल्यूझिअर’ (अनेक), ‘सेर्तँ’ (काही विशिष्ट) आणि ‘तू’ (सगळा, संपूर्ण) हे शब्द सहसा एकाच धड्यात भेटतात, पण नामाशी जुळण्याची त्यांची रीत एकसारखी नाही. ‘शाक’ हा ‘शाकँ’ म्हणजे ‘प्रत्येक जण’ या जुन्या शब्दावरून मागाहून घडवला गेला; अर्थाने तो एकेकट्याचाच असल्यामुळे त्याला अनेकवचन मिळाले नाही. ‘प्ल्यूझिअर’चे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधील ‘अधिक’ या अर्थाच्या तुलनादर्शक रूपात आहे. त्या रूपात पुल्लिंग आणि स्त्रीलिंग यांना एकच प्रत्यय होता, म्हणून आजही त्याचे स्त्रीलिंग वेगळे होत नाही. ‘सेर्तँ’ मात्र नामापूर्वी लिंग-वचनानुसार बदलतो, आणि नामानंतर आला तर त्याचा अर्थच ‘खात्रीचा’ असा होतो. खरी गुंतागुंत ‘तू’ची आहे, आणि ती व्याकरणकारांच्या एका तडजोडीतून आली आहे.

‘तू’ हा लॅटिनमधील ‘तोतुस’ (संपूर्ण) या विशेषणाच्या, त-कार दुहेरी झालेल्या बोलीरूपापासून आला. नामासोबत असताना तो सरळ विशेषणासारखा वागतो : पुल्लिंगी ‘तू’, स्त्रीलिंगी ‘तूत’. ‘ती पूर्ण चकित झाली’ अशा वाक्यात मात्र तो ‘चकित’ या विशेषणाला जोर देतो, म्हणजे अर्थाने क्रियाविशेषण असतो. तरीही जुन्या फ्रेंचमध्ये तो इथेही कर्त्याप्रमाणे बदलत असे. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ‘ती सगळी भिजली’ म्हणताना आपणही ‘पूर्णपणे’ हा अर्थ ‘सगळी’ या बदलत्या विशेषणानेच सांगतो.

क्लोद फाव्र द वोज्ला यांनी 1647 मध्ये फ्रेंच भाषेवरील आपली टिपणे प्रसिद्ध केली आणि या वापराला सीमा घातली. ‘ते पूर्ण चकित झाले आहेत’ या अर्थी पुल्लिंगी अनेकवचनी रूप वापरणे ही जवळजवळ सर्वांकडून होणारी चूक आहे, असे त्यांनी म्हटले. क्रियाविशेषणाला वचन नसते, म्हणून तेथे ‘तू’ अविकारीच राहिला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. पण स्त्रीलिंगात मात्र रूढ वापराला मान देऊन त्यांनी बदलते रूपच योग्य ठरवले. तर्क आणि रूढी यांचा हा मेळ पुरा बसला नव्हता, आणि पुढची सगळी अडचण तिथूनच सुरू झाली.

नंतर जो नियम स्थिरावला त्याने स्त्रीलिंगाचेही दोन भाग केले, आणि त्यामागे कान होता. ‘स्यूर्प्रीझ’ (चकित) या व्यंजनाने सुरू होणाऱ्या स्त्रीलिंगी विशेषणापूर्वी ‘तूत स्यूर्प्रीझ’ असाच उच्चार रुळलेला होता, म्हणून तेथे शेवटी ‘ई’ हे अक्षर लिहायचे. ‘एतॉने’ या स्वराने सुरू होणाऱ्या समानार्थी शब्दापूर्वी मात्र अविकारी रूपातला अंत्य ‘टी’ संधीमुळे आपोआप ऐकू येतो : ‘तूतेतॉने’. कानाला हवा तो त-कार तेथे मिळतोच, म्हणून ‘ई’ वगळायचा.

हा नियम सर्वाधिक चकवतो तो ‘एच’ या अक्षराशी. ‘अरझ’ (आनंदी) आणि ‘ओंतझ’ (लज्जित) ही दोन्ही स्त्रीलिंगी विशेषणे ‘एच’नेच लिहिली जातात आणि दोहोंतही तो उच्चारला जात नाही. पण पहिल्याचे मूळ लॅटिन ‘ऑगुरियुम’ (शकुन) असून त्यातला ‘एच’ केवळ लेखनात आला आहे. त्यामुळे त्या शब्दापूर्वी संधी होते आणि ‘तू’ अविकारी राहतो. दुसरा शब्द फ्रँक लोकांच्या जर्मानिक भाषेतून आला. त्यातला ‘एच’ एके काळी खरोखर उच्चारला जात होता आणि तो लोपल्यावरही संधीला अडवतो, म्हणून तेथे ‘ई’ लिहावाच लागतो. शंका आली तर त्या शब्दाला स्त्रीलिंगी उपपद ‘ला’ लावून पाहावे : ‘ला’चा स्वर गळून ते पुढच्या शब्दाला चिकटले तर ‘तू’ बदलत नाही, पूर्ण ‘ला’ टिकले तर बदलतो.

शालेय परीक्षांत या बारकाव्यासाठी गुण कापणे अन्यायाचे आहे हे फ्रान्सच्या शिक्षण खात्याने 26 फेब्रुवारी 1901 च्या आदेशात मान्य केले आणि स्वरापूर्वीही बदललेले रूप चालवून घेण्यास सांगितले. 28 डिसेंबर 1976 च्या आदेशाने तीच सवलत पुन्हा दिली. सवलत योग्यच होती, असे मला वाटते. पण तिची एक किंमत आहे. ‘त्या पूर्ण चकित झाल्या आहेत’ आणि ‘त्या सगळ्याच जणी चकित झाल्या आहेत’ हे दोन अर्थ ‘एतॉने’पूर्वी काटेकोर लेखनात वेगळे दिसतात : पहिल्यात अविकारी ‘तू’, दुसऱ्यात ‘ई’ आणि ‘एस’ जोडलेले रूप. सवलत घेतली की हा भेद पुसला जातो. ‘स्यूर्प्रीझ’पूर्वी तर तो मुळातच नाही, तेथे दोन्ही अर्थांचे लेखन एकच असते आणि निवाडा केवळ संदर्भावर सोडावा लागतो.