किमतीची दिवसागणिक मांडणी

एखाद्या वस्तूची किंवा सेवेची एकरकमी अथवा वार्षिक किंमत तीच ठेवून ती रोजच्या, कपाच्या किंवा वाटीच्या हिशेबात सांगण्याच्या पद्धतीला किमतीची दिवसागणिक मांडणी म्हणतात. ‘वर्षाला ३,६५० रुपये’ आणि ‘रोजचे फक्त दहा रुपये’ या दोन वाक्यांत खिशातून जाणारी रक्कम एकच असते. ही मांडणी हप्त्यापेक्षा वेगळी आहे. पतसंस्थेचा पिग्मी एजंट दारात येऊन रोज दहा रुपये खरोखर घेतो, तर येथे रोजचा भाव केवळ बोलण्यात असतो आणि पैसे बहुतेक वेळा एकदमच भरावे लागतात.

तरीही रोजच्या हिशेबात सांगितलेली किंमत ऐकणाऱ्याला कमी वाटते. या परिणामाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलचे जॉन गोरव्हिल यांनी केला. त्यांचा निबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते माणूस किंमत ऐकली की तिच्याच आकाराचा दुसरा एखादा खर्च आठवतो आणि त्याच्या शेजारी ठेवून तिला जोखतो. वर्षाला साडेतीन हजार म्हटले की मुलाची शिकवणी किंवा दिवाळीचे कपडे डोळ्यांसमोर येतात आणि ‘त्यापेक्षा हे महत्त्वाचे आहे का’ असा विचार सुरू होतो. रोजचे दहा म्हटले की टपरीवरचा चहा आठवतो, ज्याचा हिशेब कोणी वहीत मांडत नाही. जाहिरातदार चहाचाच दाखला पुन्हा पुन्हा देतात तो त्यामुळे; किरकोळ खर्चाच्या रांगेत बसवलेली रक्कम स्वतःही किरकोळ वाटू लागते.

भारतातील एक ठळक उदाहरण सरकारी विम्याचे आहे. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा वार्षिक हप्ता १ जून २०२२ पासून ३३० रुपयांवरून ४३६ रुपये, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा १२ रुपयांवरून २० रुपये झाला. ही वाढ जाहीर करताना दोन्ही योजना मिळून हप्ता ‘रोजचा सव्वा रुपया’ होईल असे सांगण्यात आले. हिशेब बरोबर आहे: ४३६ आणि २० मिळून ४५६, आणि त्याला ३६५ ने भागले की १ रुपया २५ पैसे येतात. आधीचे ३४२ रुपये याच रीतीने ९४ पैसे होतात, म्हणजे वाढ रोजची ३१ पैशांची. पण वेगवेगळे पाहिल्यास पहिल्या योजनेचा हप्ता जवळजवळ एक तृतीयांशाने आणि दुसऱ्या योजनेचा दोन तृतीयांशाने वाढला होता, आणि ते प्रमाण सव्वा रुपयात कोठेच दिसत नाही. शिवाय बँक खात्यातून रोज सव्वा रुपया कापत नाही. वर्षाची रक्कम एकदमच वळती होते, आणि त्या वेळी खात्यात पुरेशी शिल्लक नसल्यास विम्याचे संरक्षण खंडित होऊ शकते. त्यामुळे खातेदाराने लक्षात ठेवायचा आकडा ४५६ हाच आहे.

रोजचा आकडा किरकोळ खर्चाच्या मर्यादेत राहिला तरच ही मांडणी उपयोगी पडते. महिन्याला २४,००० रुपयांचा मोटारीचा हप्ता ‘रोजचे ८०० रुपये’ असा सांगितला, तर ऐकणाऱ्याला चहा आठवत नाही; घरच्या सर्वांचे हॉटेलातले जेवण आठवते, आणि तसे जेवण रोज कोण घेतो, असा प्रश्न मनात येतो. महिन्याच्या हिशेबात मात्र तोच हप्ता घरभाड्यासारख्या ठरलेल्या मोठ्या खर्चांशेजारी निमूट बसतो. रोजची रक्कम मोठी झाली की परिणाम उलटतो, हे गोरव्हिल यांच्या प्रयोगांतही दिसले.

दुसरी अट वापराची आहे. दूध किंवा वर्तमानपत्र रोज घरात येते, त्यामुळे रतीबाचे बिल महिन्याला आले तरी त्याचा रोजचा भाव नैसर्गिक वाटतो आणि मोबदलाही रोज मिळाल्यासारखा भासतो. १८,००० रुपयांची व्यायामशाळेची वार्षिक वर्गणी मात्र ३६५ दिवसांनी भागली तर सुमारे ४९ रुपये पडते, आणि सभासद वर्षातून ९० दिवसच गेला तर प्रत्येक वेळचे २०० रुपये होतात.

‘एका ग्लासाला इतके’ या मांडणीत आणखी एक गफलत संभवते, कारण ग्लासात भुकटी किती घालायची हे विक्रेताच ठरवतो. समजा, प्रथिनांच्या भुकटीचे एक किलोचे दोन डबे आहेत आणि दोन्हींत प्रथिनांचे प्रमाण सारखे आहे. ३,००० रुपयांच्या डब्यावर २५ ग्रॅमचे माप धरले आहे, म्हणून त्यातून ४० ग्लास होतात आणि एक ग्लास ७५ रुपयांना पडतो. २,७०० रुपयांच्या डब्यावर माप ३० ग्रॅमचे आहे. त्यातून साधारण ३३ ग्लास होतात आणि एक ग्लास ८१ रुपयांना पडतो. ग्लासाच्या भावात महाग डबा स्वस्त ठरतो. ग्रॅमच्या भावात तो ३ रुपये आणि दुसरा २ रुपये ७० पैसे आहे, आणि तुलनेसाठी पाहायचा भाव तोच.