ऑडिट ट्रेल आणि बदलनोंदी (ईआरपी प्रणालीतील)

कंपनीची खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या ईआरपी प्रणालीत कोणती नोंद कोणी केली, कोणी बदलली किंवा काढून टाकली, केव्हा, आणि बदलाआधी तिथे काय होते, याचा प्रणालीने आपणहून ठेवलेला माग म्हणजे ऑडिट ट्रेल. त्यातल्या एकेका बदलाच्या तपशिलाला बदलनोंद किंवा चेंज लॉग म्हणतात. मुंबईच्या कार्यालयांत बोलताना दोन्हींना सरसकट ‘लॉग’च म्हटले जाते.

भारतात हा विषय ऐरणीवर आला तो कंपनी (लेखे) नियम, 2014 मधील नियम 3 च्या दुरुस्तीमुळे. ती मार्च 2021 मध्ये अधिसूचित झाली, अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली आणि 1 एप्रिल 2023 पासून ती लागू झाली. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराचा माग राहिला पाहिजे, प्रत्येक बदल तारखेसह नोंदला गेला पाहिजे आणि ही सोय कोणाला बंद करता येऊ नये, असे तो नियम सांगतो. ही सोय वर्षभर चालू होती का, तिच्यात छेडछाड झाली का, यावर वैधानिक लेखापरीक्षकाला कंपनी (लेखापरीक्षा आणि लेखापरीक्षक) नियम, 2014 मधील नियम 11(g) खाली अहवालात मत द्यावे लागते. अंतर्गत लेखापरीक्षकाचे काम इथे वेगळे पडते. लॉग आहे की नाही एवढ्यावर त्याचे भागत नाही. त्या लॉगवरून एखादा खोटा बदल पकडता येईल का, हे त्याला तपासायचे असते. त्यासाठी पुरवठादाराच्या बँक खात्यातला बदल हे सर्वांत बोलके प्रकरण आहे. पैसा बाहेर जाण्याची वाट तिथूनच फुटते, आणि पुरवठादारांची कायमची माहिती ठेवणाऱ्या व्हेंडर मास्टरमधला एक खाते क्रमांक बदलला की बिल खरे, माल खरा, मंजुरीही खरी, तरी रक्कम भलतीकडे जाते.

एक प्रकरण

पुढील उदाहरण रचलेले आहे. अंधेरी एमआयडीसीत कार्यालय असलेल्या एका कंपनीत सॅप या ईआरपीची जुनी, ECC ही आवृत्ती चालते. दर शुक्रवारी देणी काढण्याच्या F110 या व्यवहारातून पुरवठादारांची देणी भागवली जातात. वसईच्या एका खोकेवाल्याचे 18,40,000 रुपये 12 सप्टेंबर 2025 रोजी निघाले, पण त्याला मिळाले नाहीत. त्याने आठवडाभराने फोन केला, तेव्हा लेखा विभागाने मास्टर उघडून पाहिला. खाते क्रमांक जुनाच, बरोबर. साहजिकच सगळ्यांनी बँकेला दोष दिला.

मास्टर फक्त आजची स्थिती दाखवतो. मधल्या काळात काय घडले ते CDHDR आणि CDPOS या तक्त्यांत असते. पहिल्यात बदल कोणी व केव्हा केला ते, दुसऱ्यात नेमके काय बदलले ते. लेखापरीक्षकाने RSSCD100 हा अहवाल पुरवठादारांच्या KRED या वर्गासाठी चालवला, तेव्हा त्या पुरवठादारापुढे या ओळी आल्या:

```
UDATE       UTIME     USERNAME  TABNAME  FNAME  CHNGIND
11.09.2025  15:41:07  AP_USER2  LFBK     KEY    D
11.09.2025  15:41:07  AP_USER2  LFBK     KEY    I
15.09.2025  04:20:33  AP_USER2  LFBK     KEY    D
15.09.2025  04:20:33  AP_USER2  LFBK     KEY    I
```

या ओळी वाचताना नवखा माणूस दोन ठिकाणी हमखास चुकतो. पहिले ठिकाण शेवटच्या रकान्यातले. ‘बदल’ शोधायचा म्हणून तो U, म्हणजे दुरुस्ती, एवढीच खूण गाळून घेतो आणि त्याला काहीच सापडत नाही. पुरवठादारांची बँक खाती ठेवणाऱ्या LFBK तक्त्यात खाते क्रमांक हा ओळ ओळखण्याच्या किल्लीचाच भाग असल्यामुळे प्रणाली तो बदलत नाही. जुनी ओळ काढते आणि नवी घालते. म्हणून खातेबदल D आणि I अशा जोडीने दिसतो. एस/4 हाना आवृत्तीत पुरवठादार BP व्यवहारातून सांभाळला जातो, तिथे BUT0BK तक्त्याच्या नोंदीही पाहाव्या लागतात.

दुसरे ठिकाण वेळेचे. लॉगमधली वेळ सर्व्हरच्या घड्याळाची असते. या कंपनीचा सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर लावलेला होता, म्हणजे मुंबईच्या घड्याळाशी साडेपाच तासांचा फरक. 15:41 वाचून बदल दुपारचा वाटतो. प्रत्यक्षात तो गुरुवारी रात्री 9 वाजून 11 मिनिटांनी झाला. परतीचा बदल सोमवारी सकाळी 9:50 चा. म्हणजे शुक्रवारच्या देण्याच्या आदल्या रात्री खाते बदलले आणि सुट्टी संपताच पूर्ववत झाले. खाते नेऊन परत आणणारी अशी जोडी आपोआप शोधणारी चाचणी दर तिमाहीला चालवावी. माझ्या मते व्हेंडर मास्टरवरची कोणतीही दुसरी चाचणी इतकी उपयोगी नाही.

पैसे नेमके कुठे गेले हे निघालेल्या देण्यांचा REGUH तक्ता सांगतो. देणे निघाले त्या क्षणी वापरलेला खाते क्रमांक त्यातल्या ZBNKN या रकान्यात राहतो. तो आणि मास्टरमधला आजचा क्रमांक जुळत नसेल, तर प्रत्येक फरकाला बदलनोंद सापडली पाहिजे. फरक आहे पण बदलनोंद नाही, असे दिसले तर प्रकरण अधिक गंभीर. देणे दुसऱ्याच कोणाच्या नावे वळवले गेले असेल, नाहीतर कोणीतरी पडद्याला बगल देऊन थेट तक्त्यात हात घातला असेल.

आयडी म्हणजे माणूस नव्हे

लॉगमध्ये AP_USER2 असे आहे. हा आयडी लेखा विभागातल्या एका कारकुनाचा. हजेरीच्या यंत्राप्रमाणे तो त्या दिवशी 6:35 ला बाहेर पडला होता आणि रात्री त्याच्या नावावर व्हीपीएनची जोडणी नव्हती. SM20 मधल्या सुरक्षा लॉगमध्ये लॉगिन ज्या संगणकावरून झाले त्याचे नाव मिळते, तो संगणक दुसऱ्याच टेबलावरचा निघाला. पासवर्ड विभागात चौघांना ठाऊक होता. बदलनोंद इथे खोटे बोलत नाही, पण तिच्या साक्षीला मर्यादा आहे. ती आयडीबद्दल बोलते. आयडीमागचा माणूस ठरवायला हजेरी, व्हीपीएन आणि सुरक्षा लॉग ही तीन बाहेरची कागदपत्रे लागतात. SM20 चा लॉग मुळात चालू केलेला नसेल, तर शोध इथेच खुंटतो.

दुसरी सही कुठे गेली

सॅपमध्ये संवेदनशील रकाने ठरवून देता येतात. त्यांत कोणी बदल केला की दुसऱ्या माणसाने FK08 मधून तो पक्का करेपर्यंत त्या पुरवठादाराचे देणे निघत नाही, आणि बदल करणाऱ्याला स्वतःचा बदल पक्का करता येत नाही. कंपनीच्या कार्यपद्धतीत हे सगळे लिहिलेले होते. प्रणालीत मात्र संवेदनशील रकान्यांच्या यादीत नाव आणि पॅन होते, बँक खाते नव्हते. म्हणून लेखापरीक्षक कार्यपद्धतीची प्रत घेऊन समाधान मानत नाही; तो सेटिंगचा पडदा बघायला मागतो.

तो पडदा फक्त आजचे सेटिंग दाखवतो. बँक खाते यादीत कधी होते का, मध्येच काढले का, हे सेटिंगच्या तक्त्यांच्या लॉगवरून कळेल. तो SCU3 मधून वाचतात. इथला सापळा जुना आहे. rec/client हे पॅरामीटर OFF असेल, तर थेट केलेल्या सेटिंगच्या बदलांची नोंदच होत नाही, SCU3 मध्ये रिकामी यादी येते आणि ती ‘वर्षभरात बदल नाही’ म्हणून फाईलला लागते. रिकाम्या यादीचा अर्थ लावण्याआधी RZ11 मध्ये पॅरामीटर पाहावे, दुसऱ्या प्रणालीतून ट्रान्सपोर्टने आलेल्या बदलांसाठीचे RECCLIENT वेगळे तपासावे आणि जो बदल झाल्याचे आपल्याला नक्की माहीत आहे तो यादीत येतो का ते बघावे. दर महिन्याला हिशेबाचा काळ उघडून बंद होतो. तो काळ ठेवणाऱ्या T001B तक्त्याला नोंदीची खूण लावलेली असेल आणि तो बदल थेट उत्पादन प्रणालीत होत असेल, तर त्या बारा महिन्यांच्या ओळी दिसल्याच पाहिजेत. त्या नसतील, तर लॉग बंद होता.

पुरावा म्हणून काय चालते

आयटी विभागाने मेलने पाठवलेली एक्सेल हा पुरावा नव्हे. तिच्यातली एखादी ओळ गाळायला क्षणही लागत नाही, आणि ज्या विभागाच्या हाती प्रणालीच्या चाव्या आहेत त्याच्याकडूनच आलेली यादी तपासाशिवाय धरता येत नाही. लेखापरीक्षकाने केवळ पाहण्याचा अधिकार असलेल्या आयडीने यादी स्वतः काढावी, किंवा काढताना शेजारी बसावे. पडद्याच्या चित्रात निवडीच्या अटी, तारखांची मर्यादा, क्लायंट क्रमांक, वेळ आणि एकूण ओळी दिसाव्यात. अटींमध्ये एक कंपनी कोड किंवा एक आयडी वगळून यादी ‘स्वच्छ’ करण्याचे प्रकार घडतात, ते त्या चित्रावरूनच कळते.

मग तपासणी दोन्ही बाजूंनी होते. लॉगमधल्या निवडक बदलांसाठी पुरवठादाराचे पत्र, रद्द केलेला धनादेश आणि खातरजमेच्या फोनची नोंद मागायची. तो फोन पत्रावर छापलेल्या नंबरवर केला असेल तर त्याला किंमत नाही. मास्टरमध्ये आधीपासून असलेल्या नंबरवर केलेला हवा. खात्यात एक रुपया पाठवून खातेदाराचे नाव पडताळण्याची पद्धत रूढ आहे, तिचा निकाल जोडलेला असावा. मग उलट दिशेने जायचे: विभागाकडे आलेल्या बदलाच्या विनंत्यांतून काही उचलायच्या आणि त्या लॉगमध्ये सापडतात का ते पाहायचे. बहुतेक जण पहिलीच दिशा तपासतात. लॉग अपुरा असल्याचे मात्र दुसऱ्या दिशेनेच उघड होते.

अॅप्लिकेशनचा लॉग डेटाबेसमध्ये थेट केलेला बदल पाहत नाही. त्यासाठी डेटाबेसचे स्वतःचे ऑडिट चालू असावे लागते, आणि डेटाबेस प्रशासकाला ते बंद करता आले किंवा त्यातल्या नोंदी पुसता आल्या तर त्याचा उपयोग नाही. लेखापरीक्षक इथे तीन गोष्टी मागतो: प्रशासकीय आयडींची यादी, ते कोणी कशासाठी वापरले याची मंजुरी, आणि लॉग प्रशासकाच्या हाताबाहेरच्या जागी साठतो याचा दाखला.

छोट्या कंपन्यांत टॅलीप्राइमची एडिट लॉग आवृत्ती असते. तिच्यात बदलांची नोंद ठेवणे बंद करता येत नाही. आयडी सामायिक असण्याचा प्रश्न मात्र तिथेही तसाच राहतो.

जतन

कंपनी कायद्याच्या कलम 128(5) नुसार हिशेबाची पुस्तके किमान 8 आर्थिक वर्षे जपावी लागतात, आणि ऑडिट ट्रेलही त्यांच्यासोबत जपणे अपेक्षित आहे. सॅपमध्ये जागा मोकळी करण्यासाठी बदलनोंदी CHANGEDOCU या संग्रहणाच्या सोयीतून संग्रहात हलवल्या जातात. त्या परत वाचता येतात का, याची चाचणी क्वचितच कोणी घेतलेली असते. जुनी ईआरपी सोडून नवी घेताना तर फक्त शिल्लक रकमा आणि चालू मास्टर पुढे नेले जातात, बदलनोंदी मागेच राहतात. अशा वेळी लेखापरीक्षक जुन्या प्रणालीवर एक वाचनापुरता आयडी मागतो आणि तीन-चार वर्षांपूर्वीच्या एका खातेबदलाची नोंद आपल्यासमोर उघडून दाखवायला सांगतो.