मांजराचा बिबट्या कसा होतो?

मोकळ्या माळावरून एक काळसर, लांब शेपटीचा प्राणी चाललाय, असा धूसर फोटो व्हायरल होतो आणि तासाभरात सगळ्यांच्या लेखी तो काळा बिबट्या झालेला असतो. पुरावा काय, तर 'शेजारचं गवत बघा!' पण ते गवत वीतभर आहे की कमरेएवढं, हे कुणी पाहिलेलं असतं?

अडचण मुळातच आहे. कॅमेरा प्राण्याची उंची टिपत नाही, कोन टिपतो. १० मीटरवरचं २४ सेंटिमीटर उंचीचं मांजर आणि २५ मीटरवरचा ६० सेंटिमीटर उंचीचा बिबट्या फोटोत तंतोतंत सारखेच उंच दिसतात. अंतर ठाऊक नसेल तर नुसत्या कोनावरून काही ठरत नाही.

तरीही एक झकास वाट आहे, ती म्हणजे क्षितिजरेषा. सपाट जमिनीवर कॅमेरा जितक्या उंचीवर असतो, बरोबर तितक्याच उंचीवर क्षितिजरेषा प्रत्येक उभ्या वस्तूला छेदते, मग ती वस्तू जवळ असो वा लांब. म्हणजे प्राण्याच्या पंजापासून क्षितिजापर्यंतचं फोटोतलं अंतर ही आपली आयती मोजपट्टी. तिची खरी लांबी कॅमेऱ्याच्या उंचीएवढी. प्राणी आणि ही पट्टी कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असल्यामुळे अंतर आणि झूम दोन्ही हिशेबातून उडून जातात.

समजा, पंजापासून क्षितिजापर्यंत ६०० पिक्सेल भरले आणि पंजापासून खांद्यापर्यंत २४०. गुणोत्तर ०.४. फोटो उभ्याने, १.५ मीटर उंचीवरून काढला असेल तर खांदा ६० सेंटिमीटरवर येतो, म्हणजे बिबट्या शक्य आहे. पण फोटो काढणारा उकिडवा बसला असेल आणि कॅमेरा ०.६ मीटरवर असेल, तर तोच खांदा २४ सेंटिमीटरवर येतो. हे झालं घरगुती मांजर! म्हणून साक्षीदाराला 'केवढा होता?' असं विचारण्यापेक्षा 'तुम्ही उभे होतात की बसलेले?' हे विचारलेलं बरं.

यातही फसगत होते. प्राणी अर्धा मीटर उंचवट्यावर असेल, तर पंजापासून क्षितिजाच्या पातळीपर्यंत १.५ नव्हे, १ मीटरच उरतो. खरी उंची ४० सेंटिमीटर, आपण मात्र ६० सांगून मोकळे. लांबच्या टेकडीची कड क्षितिज समजलो तर उलट होतं. पट्टी फुगते आणि प्राणी लहान ठरतो. क्षितिज झाकलेलं असेल तर सपाट, सरळ रस्त्याच्या दोन्ही कडा फोटोवर पुढे वाढवाव्यात. त्या जिथे मिळतात, त्या बिंदूच्या पातळीवर खरं क्षितिज असतं.

पंजे गवतात बुडाले असतील तर मात्र पट्टीचं खालचं टोकच हरवतं. अशा वेळी त्याच जागी, त्याच उंचीवरून पुन्हा फोटो काढावा आणि प्राणी होता तिथे मोजकाठी उभी करावी. जुन्या फोटोतला एखादा दगड किंवा झुडूप जागेवर असेल, तर दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवून उंची थेट वाचता येते.