पेंटियम ४ मधले दोन रिकामे टप्पे

नोव्हेंबर २००० मध्ये इंटेलचा पेंटियम ४ बाजारात आला. प्रत्येक सूचना ज्या २० टप्प्यांतून पुढे सरकते, त्या त्याच्या पाइपलाइनमधल्या पाचव्या आणि विसाव्या टप्प्याचं नाव होतं ‘ड्राइव्ह’. या टप्प्यांत गणित होत नाही, निर्णय होत नाही. सिग्नल फक्त चिपच्या एका भागातून दुसऱ्या भागात पोहोचतो, आणि त्यासाठी अख्खी सायकल खर्ची पडते.

याचं मूळ तारेच्या भूमितीत आहे. ट्रान्झिस्टर लहान केला की तो जलद होतो, तारेचं मात्र उलट होतं. तिची रुंदी आणि जाडी दोन्ही ०.७ पट केली की काटछेद निम्मा होतो आणि दर मिलिमीटरचा रोध दुप्पट. धारिता मात्र जवळपास तेवढीच राहते, कारण शेजारच्या तारा जवळ येतात. १९९७ मध्ये आयबीएमने ॲल्युमिनियमऐवजी तांबं वापरण्याची घोषणा केली, त्याने रोध बराच उतरला. पण धातू बदलायची सोय एकदाच मिळते. तारा पुढेही बारीक होतच राहिल्या.

लांबीचा फटका आणखी मोठा. लांबी वाढली की रोध आणि धारिता दोन्ही वाढतात, त्यामुळे विलंब लांबीच्या वर्गाने वाढतो. नुसत्या तारेचा विलंब साधारण `0.38·R·C`, यात R हा अख्ख्या तारेचा रोध आणि C तिची धारिता. हिशेबासाठी दर मिलिमीटरला २०० ओहम आणि ०.२ पिकोफॅरड धरू. १ मिमी तारेला १५ पिकोसेकंद लागतात, १० मिमीला मात्र १,५२० पिकोसेकंद.

उपाय म्हणजे तारेचे तुकडे पाडून मध्ये इन्व्हर्टर बसवणे, हेच रिपीटर. त्यांची संख्या आणि आकार किती असावा, याचं गणित बाकोग्लू आणि माइंडल यांनी १९८५ मध्ये मांडलं. दर मिलिमीटरला एक रिपीटर बसवला आणि तुकड्यासकट त्याचे ४० पिकोसेकंद धरले, तर १० मिमीचे ४०० होतात. विलंब आता लांबीच्या वर्गाने नाही, सरळ प्रमाणात वाढतो. पण आणखी रिपीटर घालून तो फारसा कमी होत नाही, कारण प्रत्येक इन्व्हर्टर स्वतःचा वेळ घेतो. ही घासाघीस जिथे थांबते, तिथे मिलिमीटरमागचा किमान वेळ ठरतो.

३ गिगाहर्ट्झला सायकल ३३३ पिकोसेकंदांची. सिग्नल पुढच्या सायकलसाठी धरून ठेवणारा फ्लिपफ्लॉप आणि क्लॉकच्या वेळेतला फरक यांसाठी ५० वजा केले, तर उरलेल्या वेळात जेमतेम ७ मिमी अंतर कापता येतं. १० मिमीच्या वाटेत फ्लिपफ्लॉप टाकावाच लागतो, म्हणजे एक सायकल जास्त.

प्रत्यक्षात तेवढं अंतरही हमखास मिळत नाही. रिपीटरला खाली सिलिकॉनवर जागा लागते. वाटेत एसरॅम मेमरीचा २ मिमी रुंद ब्लॉक आला, तर तार वरून जाते पण रिपीटर मध्ये बसत नाही. त्या एका तुकड्यात नुसत्या तारेचेच ६१ पिकोसेकंद जातात. टायमिंग रिपोर्टमध्ये हे लगेच कळतं: ब्लॉकपलीकडच्या पहिल्या रिपीटरच्या इनपुटला सिग्नलची कड रेंगाळलेली दिसते. तिथे रिपीटर मोठा करून काम भागत नाही. ब्लॉकच्या कडेने वळसा घ्यावा लागतो, किंवा ब्लॉकच दोन भागांत तोडून मध्ये रिपीटरसाठी पट्टी सोडावी लागते.