घड्याळात दीड तास आधीच उजाडलेली तारीख

नागपूरच्या उन्हाळ्यात आमच्या धरमपेठेतली मंडळी रात्री जेवणानंतर शतपावलीला निघतात. अशाच एका रात्री पावणेअकराला, दुबईहून आठवड्यापूर्वी परतलेल्या माझ्या मेहुण्यांच्या स्मार्टवॉचने फोनशी सिंक होताच १२:१५ ही वेळ आणि दुसऱ्या दिवसाची तारीख दाखवली, आणि त्यानंतरची पावलेही उद्याच्या खात्यात जाऊ लागली. फोनवर मात्र १०:४५ ही अचूक वेळ होती, म्हणून त्यांनी दोष घड्याळाला दिला. प्रत्यक्षात चूक फोनमध्ये होती.

फोन आपल्या पोटात स्थानिक वेळ ठेवत नाही. तो यूटीसी ही जागतिक वेळ मोजतो आणि पडद्यावर दाखवताना तिच्यात टाइम झोनचा फरक मिळवतो. भारतासाठी हा फरक साडेपाच तास, तर दुबईसाठी चार तास आहे. मेहुण्यांनी तिकडे असताना स्वयंचलित वेळ आणि स्वयंचलित टाइम झोन या दोन्ही सोयी बंद केल्या होत्या. नागपुरात उतरल्यावर फोन दीड तास मागे दिसला, तेव्हा त्यांनी झोन न बदलता काटे हाताने पुढे सारले. त्यामुळे पडद्यावरची वेळ जुळली, पण आतली यूटीसी १७:१५ ऐवजी १८:४५ झाली. त्यांच्या घड्याळात भारताचा झोन आधीपासून नोंदलेला होता आणि सिंक करताना त्याने फोनकडून फक्त यूटीसी घेतली. १८:४५ मध्ये साडेपाच तास मिळवले की मध्यरात्र उलटून १२:१५ होतात. फोनची स्थानिक वेळ जशीच्या तशी उचलणाऱ्या घड्याळात ही चूक दिसलीच नसती.

चूक नेमकी कुठे आहे, हे फोनच्या जागतिक घड्याळात एखादे भारतीय शहर जोडून पाहिल्यास लगेच कळते. त्या शहराची वेळ खऱ्या वेळेपेक्षा पुढे दिसली, तर फोनची यूटीसीच बिघडलेली आहे. आम्ही कोलकाता जोडले आणि तिथेही १२:१५ च दिसले. फरक पूर्ण तासांचा किंवा अर्ध्या तासाच्या पटीत असेल, तर संशय आधी झोनवर घ्यावा. घड्याळातला स्फटिक मागेपुढे झाल्याने पडणारा फरक दिवसाला फार तर एक-दोन सेकंदांचा असतो.

दुरुस्तीत एक फसवी पायरी आहे. केवळ स्वयंचलित वेळ सुरू केली, की यूटीसी बरोबर होते, पण झोन दुबईचाच राहिल्याने फोन ९:१५ दाखवतो आणि घाबरून माणूस ती सोय पुन्हा बंद करतो. मेहुण्यांनीही एकदा हेच केले होते. म्हणून आम्ही आधी झोन GMT+05:30 वर आणला, मग स्वयंचलित वेळ सुरू केली, कोलकात्याची वेळ फोनशी जुळल्याची खात्री केली आणि त्यानंतरच घड्याळ सिंक केले. काही क्षणांत मनगटावर १०:५८ आणि त्याच दिवसाची तारीख परत आली. उद्याच्या खात्यात गेलेली पावले मात्र तिथेच राहिली, कारण त्या नोंदींवर चुकीच्या वेळेचा शिक्का आधीच बसला होता.